चप्पल तीच, खालची फरशी बदला
कोल्हापुरी चपलेचा फोटो सिमेंटच्या फरशीवर काढलाय, पण खाली सागवानी पाट हवाय. इनपेंटिंगसाठी आधी मास्क बनवायचा: पांढरा भाग नव्याने रंगतो, काळा तसाच राहतो. म्हणून चप्पल काळी, बाकी सगळं पांढरं. अंगठ्याच्या गोलातून दिसणारी फरशीही पांढरी करा; ती हमखास विसरली जाते. सूचनेत चपलेचं नाव नको, नाहीतर कडेला जास्तीचा पट्टा उगवतो. 'सागवानी पाट, डावीकडून सकाळचं ऊन' एवढं पुरे. मात्र उजेडाची दिशा मूळ फोटोतलीच हवी. कडेला राखाडी रेघ उरली, तर पांढरी हद्द एक-दोन पिक्सेल आत सरकवा. शेवटी त्याच मास्कने मूळ चप्पल कापून जागच्या जागी बसवा, कारण चित्र पुन्हा घडताना काळ्या भागातली बारीक वेणीही किंचित पुसट होते.