थंडीतील दह्याचे विरजण

विरजणातील जीवाणू दुधातील लॅक्टोजपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. दुधाचा सामू सुमारे ४.६ पर्यंत उतरला की केसीन हे प्रथिन गोठते व दही लागते. घरगुती विरजणातील जीवाणूंना साधारणतः ३० ते ४० अंश सेल्सिअस तापमान मानवते. २० अंशांखाली त्यांची वाढ फार मंदावते. जालना जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान अनेकदा १२ अंशांच्या आसपास येते. त्यामुळे संध्याकाळी विरजलेले दूध, विशेषतः लहान पातेल्यातील, आम्ल पुरेसे तयार होण्याआधीच गार होते.

म्हणून हिवाळ्यात दूध सुमारे ४० अंशांवर, म्हणजे बोटाला सोसेल इतके कोमट असताना विरजतात आणि एक लिटरला एकऐवजी दोन चमचे विरजण घालतात. दूध याहून फार गरम असल्यास जीवाणू मरतात. झाकलेले भांडे घोंगडीत गुंडाळतात किंवा कणकेच्या डब्यात ठेवतात. मात्र घोंगडी उष्णता निर्माण करीत नाही, असलेली टिकवते. गार दुधाला तिचा उपयोग नाही.

सकाळी दूध पातळ पण गोडच असेल, तर जीवाणू बहुधा केवळ मंदावलेले असतात. भांडे न ढवळता कोमट पाण्यात ठेवल्यास काही तासांत दही लागते. तरीही न लागल्यास विरजण जुने झाले असावे. दूध तारदार किंवा कडू झाले असल्यास ते टाकून द्यावे.