तीस सेकंदांत चॉपरचे तीन उपयोग

दोरी ओढून चालणाऱ्या चॉपरच्या चित्रफितीची संहिता कांद्यापासून सुरू करावी, कारण त्यातला फरक डोळ्यांना लगेच दिसतो. पहिले तीन सेकंद कांद्याच्या चार मोठ्या फोडी. पुढचे नऊ सेकंद झाकण, दहा-बारा ओढी आणि बारीक कांदा. हे दृश्य मध्ये तोडू नये. तोडले की प्रेक्षकाला लबाडीचा संशय येतो. कोथिंबीर-मिरचीला सात सेकंद पुरतात, मात्र कोथिंबीर कोरडी हवी, ओलीचा लगदा होतो. पाते काढून व्हिस्कने अंडी फेटणे सहा सेकंदांत उरकते. उरलेले पाच सेकंद भांडे धुण्याचे. दोरीचे झाकण मात्र पाण्यात बुडवलेले दाखवू नये. निवेदन साठेक शब्दांतच बसवावे, नाहीतर वाचणाऱ्याची धाप ऐकू येते.