फोटो झूम करा, मग पैसे काढा!

होस्टेलच्या ग्रुपवर मेसेज पडतो, ‘योनेक्स रॅकेट, जेमतेम वापरलेली, अर्जंट विकायचीय.’ सोबत एक फोटो. नुकतंच बॅडमिंटन सुरू केलेल्या तुम्हाला वाटतं, घेऊनच टाकू! थांबा, आधी फोटो झूम करा.

पहिली नजर फ्रेमवर आणि दांडीवर, म्हणजे शाफ्टवर. जाळीवर रंगवलेला मोठा लोगो विसरा, तो कोणीही कुठल्याही रॅकेटवर मारून देतं. मॉडेलचं नाव फ्रेमवर किंवा शाफ्टवर छापलेलं असतं. समजा, तिथे ASTROX 88D PRO लिहिलंय. यातला प्रत्येक तुकडा काहीतरी सांगतो. ॲस्ट्रॉक्स ही डोक्याकडे जड असलेली सिरीज, स्मॅशसाठीची. (नॅनोफ्लेअर डोक्याकडे हलकी, आर्कसेबर साधारण समतोल.) D हे डबल्समध्ये मागे उभं राहून हल्ला करणाऱ्यासाठी. आणि ‘प्रो’ म्हणजे याच नावातली वरची पायरी. त्याच नावात टूर, गेम, प्ले अशा खालच्या पायऱ्याही असतात. म्हणून शेवटचा शब्द फोटोत कापला गेला असेल, तर दुसरा फोटो मागा.

आता हँडलच्या वर, शाफ्ट आत शिरतो तो शंकूसारखा भाग बघा. तिथे 3U G5 असं काहीतरी बारीक अक्षरात असतं. U म्हणजे वजन. आकडा वाढला की रॅकेट हलकी. 3U साधारण 85 ते 89 ग्रॅम, 4U 80 ते 84. G म्हणजे मुठीची जाडी. योनेक्समध्ये इथेही आकडा वाढला की मूठ बारीक. बारीक असली तर चिंता नाही, वरून ग्रिप गुंडाळता येते.

मग ही रॅकेट तुमच्यासाठी आहे का? नाही. प्रोचा शाफ्ट कडक असतो. तो वाकून परत झटका देतो, पण हात वेगाने फिरला तरच. नवख्याचा हात तेवढा फिरत नाही, शटल मागच्या रेषेपर्यंत पोचत नाही, मग आपण खांद्याने जोर लावतो आणि दोन दिवसांनी खांदा बोलायला लागतो. त्यात 3U आणि जड डोकं, म्हणजे बचावात रॅकेट उशिराच येणार.

सुरुवातीला 4U किंवा 5U, लवचिक किंवा मध्यम शाफ्ट आणि समतोल किंवा किंचित हलकं डोकं बघा. ताण 20 ते 22 पाउंड पुरे. ताण वाढला की शटल नीट लागायची जागा लहान होते.

फोटोत एक गोष्ट मात्र हमखास लपते, ती म्हणजे फ्रेमची केसासारखी भेग. घड्याळाच्या दहा आणि दोनच्या जागी रंग उडालेला दिसला, तर रॅकेट हातात घेऊन त्यावर नख फिरवून बघा. नख अडकलं, तर सरळ ‘नको रे’ म्हणा.