फेर तुटू न देणारं गाणं

सूर्य हस्त नक्षत्रात येतो तो साधारण 27 सप्टेंबरच्या सुमारास. त्याच दिवसांत नवरात्र येतं आणि पाटावर रांगोळीचा किंवा तांदळाचा हत्ती काढून मुली त्याच्याभोवती फेर धरतात. पुण्याकडे हा भोंडला, कोल्हापूर-सांगलीकडे हादगा. विदर्भ-खानदेशात थोडं आधी, भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, भुलाबाई बसते आणि तिची गाणी म्हणतात. नावं वेगळी असली तरी गाण्यांची ठेवण बरीचशी सारखी आहे. ती आयत्या वेळी आलेल्या मुलीलाही म्हणता यावीत अशी बांधलेली आहेत.

‘कारल्याचा वेल’ घ्या. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, आधी कारल्याचं बी पेर, मग जा. बी पेरून होतं, तर वेल येऊ दे म्हणते. मग फूल, मग कारलं, मग भाजी, जेवण, उष्टी-खरकटी! प्रत्येक कडव्यात बदलतो तो एवढा एकच शब्द. मागणी तीच, उत्तराचा साचा तोच. म्हणून पुढची पायरी फक्त म्होरकीला ठाऊक असली तरी चालतं. तिने नवा शब्द उच्चारला की उरलेली ओळ सगळ्या जणी उचलतात. दुसऱ्या-तिसऱ्या कडव्याला सात वर्षांची पोरही अंदाज बांधून पुढचा शब्द आधीच ओरडते. सासूचा खाष्टपणा पायरी-पायरीने वाढत जातो तो याच साच्यामुळे. हे गाणं मला भोंडल्यातलं सगळ्यात हुशार गाणं वाटतं. सुनेने सासूला एकही उलट शब्द न बोलता तिचं सगळं वागणं चारचौघींत मांडलेलं आहे.

वेड्या श्रीकांताच्या गाण्याची गंमत निराळी. बायकोने केलेल्या करंज्या त्याला होड्या वाटतात, लाडू चेंडू वाटतात. इथेही साचा तोच राहतो, पदार्थ बदलतो. घरात जे शिजतं ते गाण्यात घालता येतं, त्यामुळे मुली जागच्या जागी कडवी जोडतात.

आता पायांकडे पाहू. फेर धरताना हात हातात असतात, त्यामुळे टाळी नाही. ताल पावलांनीच धरायचा. म्हणून ओळी छोट्या आणि ‘बाई’, ‘गं’, ‘हो’ अशा शब्दांनी भरलेल्या असतात. या शब्दांना अर्थ फारसा नाही, पण काम मोठं आहे. नमुन्यासाठी मीच रचलेल्या या ओळी पाहा:

आत्याबाई आली गं,
फेर धरू या गोल गोल गं
हाती मोठी पिशवी गं,
फेर धरू या गोल गोल गं
पिशवीमध्ये डब्बा गं,
फेर धरू या गोल गोल गं
डब्यामध्ये खाऊ गं,
फेर धरू या गोल गोल गं

‘हाती मोठी पिशवी’ एवढंच म्हणून चालून बघा. शेवटचं पाऊल टेकायला जागाच उरत नाही. ‘गं’ आला की पाऊल टेकतं आणि श्वासही घेता येतो. पिशवीतून डबा, डब्यातून खाऊ अशी साखळी असल्यामुळे ओळी पाठ कराव्या लागत नाहीत. आणि ‘फेर धरू या’ चालू असतानाच म्होरकी पुढची ओळ मनात जुळवते. धृपद म्हणजे तिला मिळालेली सवड.

फेर फिसकटतो तो बहुधा वेगामुळे. मोठ्या मुलींना जोर चढतो, लहानग्या ओढल्या जातात आणि कुठेतरी हात सुटतो. त्याची चाहूल आधी कानाला लागते: धृपद एका आवाजात येईनासं होतं, फेराच्या दोन बाजू मागेपुढे म्हणू लागतात. अशा वेळी म्होरकीने पुढचं कडवं न घेता धृपदच दोनदा, जरा संथ म्हणावं. पावलं आपोआप जुळतात. फेर फार मोठा झाला तर दुसरी म्होरकी समोरच्या बाजूला उभी करावी, नाहीतर सरळ दोन फेर करावेत, लहान मुलींचा आत आणि मोठ्यांचा बाहेर.

सोसायट्यांमधून हल्ली स्पीकरवर गाणी लावून भोंडला होतो, त्याचं मला वाईट वाटतं ते याचमुळे. रेकॉर्ड कोणासाठी थांबत नाही, कोणाचं नवं कडवं आत घेत नाही. मुली नुसत्या चालत राहतात. त्यापेक्षा तीनच गाणी म्हणा, पण तोंडाने म्हणा. सुरुवातीला गणपतीचं ‘ऐलमा पैलमा’ संथ चालीत, मधे एक साखळीचं, आणि शेवटी खिरापत ओळखायचं. त्या शेवटच्या वेळी डबा हलवून आवाज ऐकायचा, गोड की तिखट विचारायचं आणि पदार्थांची नावं घेत राहायची. म्होरकी तोवर थकलेली असते, आणि इथे तिची गरजही नसते, कारण इथे प्रत्येकीलाच आधी ओरडायचं असतं.