नमस्कारानंतरचं दुसरं वाक्य

‘काय, कसं काय?’ असं विचारलं की उत्तर येतंच. माणूस कामात गळ्यापर्यंत बुडालेला असो की झोपेनं त्याचे डोळे मिटत असोत, ‘बरंय’ एवढं तरी तो म्हणतो. म्हणूनच त्या ‘बरंय’वरून त्याला बोलायचं आहे की नाही, हे कळत नाही. हार्वे सॅक्स आणि इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात टेलिफोनवरची ध्वनिमुद्रित संभाषणं वाक्यावाक्यानं तपासली. बोलण्यातल्या काही गोष्टी जोडीनं येतात, हे त्यांनी दाखवलं. प्रश्नामागे उत्तर येतं, तसा नमस्कारामागे नमस्कार येतो. जोडीचा पहिला भाग कानावर पडला की दुसरा देणं भाग असतं, न दिल्यास ते खटकतं. जे द्यावंच लागतं, त्यात मनातली इच्छा दिसणार कशी? ती दिसते जोडी पूर्ण झाल्यानंतर, जिथे बोलण्याची सक्ती संपते तिथे.

एक प्रसंग घेऊ. सकाळचे सव्वाआठ. इमारतीच्या जिन्यात शेजारचे काका खाली उतरताहेत. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी रुग्णालयातली रात्रपाळी संपवून वर येते आहे. ती परिचारिका आहे.

‘काय गं, आत्ता आलीस?’
‘हो काका.’
‘कशी झाली ड्युटी?’
‘ठीक झाली.’

इथे जोडी पूर्ण झाली. आता चेंडू तिच्याकडे आहे. तिला बोलायचं असेल तर ती दोहोंपैकी एक करेल. एकतर काकांना उलट विचारेल, ‘तुम्ही कुठे निघालात? काकूंचा गुडघा कसा आहे?’ किंवा विचारलं त्याहून थोडं जास्त सांगेल, ‘ठीक झाली, पण काय सांगू, पहाटे एकदम तीन पेशंट आले.’ हे ‘काय सांगू’ म्हणजे सांगण्याची तयारी असते. याउलट ‘ठीक झाली’, ‘चाललंय’, ‘नेहमीचंच’ ही उत्तरं विषय तिथेच मिटवतात. त्यांना पकडून पुढे काही विचारता येत नाही. ती ‘ठीक झाली’ म्हणून थांबली आणि हातातली किल्ली कुलपाकडे गेली, तर काकांनी ‘झोप आता, नंतर बोलू’ म्हणून उतरायला लागावं.

मात्र झोपेची एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी, कारण तिच्यामुळे बरेच गैरसमज होतात. बोलण्यात एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात फारच कमी वेळ जातो. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातल्या दहा भाषांमधले हो-नाही स्वरूपाचे प्रश्न तपासले होते. त्यांत मराठी नव्हती. उत्तर यायला लागणारा वेळ सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास निघाला, आणि भाषाभाषांमधला फरकही लहानच होता. त्यामुळे उत्तराला जरा उशीर झाला की आपले कान लगेच टवकारतात. ‘नाही’ म्हणायचं असेल, अवघड काही सांगायचं असेल, तर माणूस थोडा थांबतो, हे आपण नकळत शिकलेले असतो. दमलेला, झोपाळलेला माणूस मात्र सगळ्याच उत्तरांना उशीर करतो. त्याचा आवाज सपाट होतो, चेहरा हलत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, हिला माझं येणं आवडलेलं दिसत नाही. खरं तर ती थकलेली असते, नाराज नसते. म्हणून झोपाळू माणसाच्या बाबतीत मी आवाजातल्या उत्साहावर आणि उत्तराच्या वेगावर अजिबात विसंबत नाही. ती स्वतःहून काही जोडते का, एवढंच पाहते. सपाट आवाजात का होईना, तिनं ‘काकूंचा गुडघा?’ विचारलं, तर तिला दोन मिनिटं बोलायचं आहे.

नुकत्याच उठलेल्या माणसाचं तर आणखी वेगळं. जाग आल्यावर मेंदू पूर्ण कामाला लागायला काही मिनिटांपासून अर्धा तासही जातो. गाढ झोपेतून उठवलं असेल किंवा आधीची झोप अपुरी असेल, तर हा जडपणा जास्त टिकतो. त्या अवधीत तो ‘हं’, ‘हो’ म्हणतो आणि नंतर कशाला हो म्हटलं ते त्याला आठवेलच असं नाही. महत्त्वाचा निरोप त्या वेळी सांगूच नये.

कामात असलेला माणूस उलट वागतो. तो उत्तर पटकन देतो, कधीकधी आपलं वाक्य संपण्याआधीच. त्याच्याकडे पाहताना चेहऱ्यापेक्षा कंबरेखाली पाहावं. शेग्लॉफनी १९९८मध्ये एका लेखात हे नेमकं मांडलं. माणूस टेबलाशी बसलेला असताना फक्त मान किंवा खांदे आपल्याकडे वळवतो, तेव्हा पाय आणि कंबर कामाच्या दिशेनंच असतात. असं पिळलेलं शरीर फार वेळ तसं राहत नाही, ते पुन्हा पायांच्या दिशेला परतणार असतं. मार्चअखेरीला पतसंस्थेतला हिशेबनीस नुसती मान वर करून, बोट रकान्यावर तसंच ठेवून ‘बोला ना’ म्हणतो, तेव्हा त्याचं बोट खरं सांगत असतं. त्यानं खुर्ची फिरवली, पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, तर मात्र निर्धास्त बसावं.

आपल्याकडे आतिथ्याच्या शब्दांमुळे हे वाचणं अवघड होतं. ‘या ना, बसा’, ‘चहा टाकते’ हे दारात उभं राहून, दार अर्धवट धरूनही म्हटलं जातं. आग्रह मनापासून असतो, पण वेळ असतोच असं नाही. म्हणणारी व्यक्ती दारातून बाजूला होते का, हे पाहावं. ‘नंतर बोलू’चंही तसंच. नुसतं ‘बोलू कधीतरी’ म्हणजे आत्ता विषय संपला. ‘संध्याकाळी सातनंतर ये, मी मोकळा आहे’ असं म्हणणाऱ्याला खरंच बोलायचं असतं, फक्त आत्ता नाही.

या खुणाही पुरेशा नसतात, हे मान्य करायला हवं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात नऊशेहून अधिक संभाषणं तपासली. दोघांनाही हवं होतं तेव्हाच संपलेली संभाषणं त्यांत फारच थोडी निघाली. समोरच्याला कधी थांबायचं आहे याचा अंदाज लोकांना नीट करता आला नाही, कारण दोघंही आपली इच्छा लपवत होते. म्हणून शंका असेल तिथे विचारावं. पण कसं विचारतो यावर उत्तर अवलंबून असतं. फोनवर ‘झोपला होतास का?’ विचारलं की जांभई आवरत ‘नाही नाही, बोल’ असंच उत्तर येतं. ‘कामात आहेस का?’ला ‘तसं काही नाही’ हेच उत्तर मिळतं. हो म्हणणं म्हणजे समोरच्याला परतवून लावणं, आणि ते कुणालाच नको असतं. त्याऐवजी दोन्ही वाटा सारख्याच सोप्या ठेवाव्यात: ‘घाईचं काही नाही. आत्ता बोलू की चारनंतर फोन करू?’ फोनवर खुर्ची दिसत नाही, किल्ली दिसत नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न पहिल्या मिनिटातच यावा. ‘चारनंतर कर’ असं ऐकू आलं, तर चारनंतर आठवणीनं फोन करावा. नाहीतर पुढच्या वेळी तो माणूस झोपेत असूनही ‘बोल’ म्हणेल.