‘फारसा अभ्यास झालेला नाही’ म्हणजे उणीव नव्हे

लोणार सरोवरावरच्या शोधनिबंधांची प्रस्तावना बहुतेकदा एका ठरलेल्या वाक्यावर येऊन थांबते: ‘या सरोवराचा फारसा अभ्यास झालेला नाही.’ हीच संशोधनातली उणीव, असा समज पक्का आहे. पण हे विधान मुळात खरे नाही. उल्कापातानेच हे विवर झाले, याचा पुरावा १९७३ मध्येच ‘सायन्स’मध्ये छापून आला आणि त्यानंतरही लेखांची रीघ सुरूच राहिली. घटकाभर ते खरे मानले, तरी कमी अभ्यास झाला एवढ्याने नेमके काय कळलेले नाही, हे समजत नाही.

खरी उणीव कशी दिसते? विवराचे वय घ्या. १९९७ मध्ये उष्मादीप्ती पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे निघाले, तर २०११ मध्ये आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने साडेपाच लाखांच्या पुढे गेले. दहापटीचा फरक! उष्मादीप्तीचे घड्याळ नंतरच्या उष्णतेने पुन्हा शून्यावर येऊ शकते, मग वय कमी भरते. उलट वितळलेल्या खडकात मूळच्या साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टचा आर्गॉन उरला, तर वय जास्त भरते. एवढे दोन-तीन वाक्यांत मांडले की उणीव वाचकाला बोट ठेवून दाखवता येते. प्रस्तावना तपासताना संदर्भांची सालेही पाहावीत. ५२ हजार हा आकडा निर्विवाद म्हणून दिला असेल, तर लेखकाचे वाचन २०११ च्या आधीच अडकले आहे.

‘अभ्यास करणे’ असे लिहिले की उद्दिष्ट झाले, हा दुसरा गैरसमज. समजा, उणीव वयाची सांगितली आणि पुढे लिहिले, ‘विवरातील खडकांच्या रासायनिक रचनेचा अभ्यास करणे हे उद्दिष्ट आहे.’ दोन्ही वाक्ये कागदावर एकाखाली एक उतरवा आणि विचारा: हे काम फत्ते झाले, तर वरचा प्रश्न सुटेल का? नाही सुटणार. ‘आघाताने वितळलेल्या एकाच खडकाचे नमुने दोन्ही पद्धतींनी तपासून वयातील तफावतीचे कारण शोधणे’ असे असेल, तर निदान सुटण्याची शक्यता आहे. माझ्या मते प्रस्तावना पास की नापास, हे या जोडीवरच ठरवावे. सरोवराशी जोडलेल्या लवणासुराच्या कथेवर खर्चलेल्या दोन पानांना त्यात गुण नाहीत.

राहिला आराखडा, म्हणजे पुढच्या भागांत काय आहे ते सांगणारा परिच्छेद. तो नसला की काही मार्गदर्शक गुण कापतात. विज्ञानाच्या नियतकालिकांत पद्धती, निष्कर्ष, चर्चा हा क्रम ठरलेलाच असतो, त्यामुळे तिथे तो सहसा नसतो. अर्थशास्त्रात किंवा संगणकशास्त्रात मात्र तो अपेक्षित असतो. असेल तेव्हा त्यातला प्रत्येक भाग उद्दिष्टाशी जुळवून पाहा. वयाच्या निबंधात पर्यटन विकासावर वेगळा भाग आला असेल, तर तो कापायला सांगा.