पुडी विकली, बाटली का नाही?

शाम्पूची पुडी भारतात रुजवण्यात तमिळनाडूतल्या कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांचा मोठा वाटा आहे. १९८३ साली त्यांनी 'चिक' शाम्पू सुरू केला. कुठल्याही शाम्पूच्या पाच रिकाम्या पुड्या आणून द्या आणि चिकची एक फुकट घ्या, ही त्यांची योजना गाजली. पुढे फक्त चिकच्याच रिकाम्या पुड्यांवर ती सुरू ठेवली गेली. आधी दुसऱ्यांचं गिऱ्हाईक आपल्याकडे ओढायचं, मग तेच पुन्हा यायला लावायचं, असा तो क्रम होता.

पण त्या धंद्यात पुडी हाच मुख्य माल होता. ज्यांना पुडीच्या वाटेने बाटली खपवायची आहे, त्यांचा हिशेब वेगळा असतो आणि घरगुती उद्योजक नेमके तिथेच फसतात.

समजा, तुमच्या शाम्पूची २०० मिलीची बाटली २४० रुपयांना आहे. ओळख व्हावी म्हणून ८ मिलीची पुडी ५ रुपयांना ठेवली. आता २५ पुड्या म्हणजे तेवढाच शाम्पू १२५ रुपयांत मिळतो. मग बाटली कोण घेईल? पुडी १२ रुपयांना ठेवली, तर तोच शाम्पू ३०० रुपयांना पडतो आणि बाटली घेणं फायद्याचं ठरतं. नमुना नेहमी मिलीमागे बाटलीपेक्षा थोडा महाग असावा.

दुसरा प्रश्न मापाचा. एका धुण्यात वास आणि फेस कळतो, पण केस कोरडे पडतात की मऊ राहतात हे कळायला चार-पाच धुणी लागतात. लांब केसांना तर एक पुडी पुरतही नाही आणि दोष शाम्पूवर येतो. म्हणून पुडी फक्त तोंडओळखीपुरती ठेवून ४० मिलीची छोटी बाटली ६० रुपयांना द्यावी. आठवड्यातून दोनदा वापरली तर ती अडीच आठवडे चालते. तिच्यासोबत मोठ्या बाटलीवर ४० रुपये सूट देणारं, ४५ दिवस चालणारं कूपन द्यावं. मुदत फार कमी असेल, तर छोटी बाटली संपण्याआधीच कूपन बाद होतं.

कूपनवर खूण करावी: प्रदर्शनात दिलेल्यांवर 'प्र', पार्लरमधून गेलेल्यांवर 'पा'. प्रत्येक ठिकाणच्या शंभरांपैकी किती परत आली ते मोजावं. प्रदर्शनातली चार आणि पार्लरमधली अठरा आली, तर पुढचे नमुने कुठे द्यायचे हे उघड आहे. दोन्हीकडून कमी आली, तर वापरणाऱ्यांना फोन करून विचारावं. मालच आवडला नसेल, तर नमुने वाढवून काही होत नाही.

किती नमुने वाटले यापेक्षा कितीजणांनी पूर्ण किमतीत दुसरी बाटली घेतली, हा आकडा वहीत लिहा. नमुन्यांवरचा खर्च वसूल झाला की नाही, ते त्यावरूनच कळेल.